कार्डावर दोन टक्के जादा?

नमस्कार मंडळी. बेळगावात खडेबाजारात किंवा शहापुरात साडी घ्यायला गेलात, घासाघीस होऊन चार हजारांना सौदा ठरला, आणि कार्ड पुढं केलं की मालक म्हणतात, "कार्डाला दोन टक्के जादा पडतील हं." हे घ्यावेत का, आज तेवढंच बोलू.

आधी पैसे कुठून येतात ते बघा. बँक खात्यातून यूपीआय केलं, किंवा रुपे डेबिट कार्ड घासलं, तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर कमिशन लागत नाही. त्यामुळं फोनवर पैसे घेऊन "चार्ज" मागणं म्हणजे न झालेला खर्च गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं. इतर डेबिट कार्डांवर कमिशन असतं, पण रिझर्व्ह बँकेनं त्याला मर्यादा घातली आहे आणि ते गिऱ्हाइकाकडून घेऊ नये, असंही सांगितलं आहे.

खरा चिमटा बसतो तो क्रेडिट कार्डाचा. समजा दर दोन टक्के. चार हजारांवर 80 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 94. साडीत 600 सुटत असतील, तर हातात 506 राहतात. दुखतंच की!

पण महिन्याचा हिशेब मांडा. तीन लाखांची विक्री, त्यातली 60 हजारांची क्रेडिट कार्डानं. बँक कापते 1,416 रुपये. सगळ्या विक्रीवर पसरलं तर अर्धा टक्काही होत नाही. म्हणजे चार हजारांच्या साडीचा दर 4,020 ठेवला की भागलं. काउंटरवर उघड मागितलेले 80 रुपये मात्र गिऱ्हाइकाला झोंबतात, आणि चंदगड, गडहिंग्लजहून आलेलं माणूस पुढच्या खेपेला शेजारच्या दुकानात शिरतं. शिवाय छापील किमतीच्या मालावर त्या किमतीपेक्षा रुपयाही जादा घेता येत नाही, नाव काहीही द्या.

सूट द्यायला हरकत नाही. पण ती रोखीपुरतीच का? यूपीआयवालाही तुम्हाला तेवढाच स्वस्त पडतो. दोघांनाही 20 रुपये कमी करा, आणि सूट बिलावर लिहा, म्हणजे जीएसटीही कमी किमतीवर बसतो. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या तेव्हा काहींनी "फक्त रोख"च्या पाट्या लावल्या. जीएसटीसाठी उलाढाल मात्र रोखीचीही धरली जाते. तिथं पाटीचा काही उपयोग नाही.

आणि मालक, बँकेकडून येणारं सेटलमेंटचं स्टेटमेंट एकदा उघडा. डेबिट आणि क्रेडिटची कपात वेगळी दिसते का बघा. रुपे डेबिटवर कापलेलं दिसलं, तर तो कागद घेऊन बँकेत जा आणि पैसे परत मागा.