डोस तोच, शरीर वेगळं

मंडळी, परवा एका गृहस्थांनी मला विचारलं, "पंचवीस वर्षं रोज दोनच पेग घेतोय. हल्ली त्यातच तोल जातो. असं का?" हा प्रश्न अनेकांना पडतो. मग ब्रँड बदलला, पोट रिकामं होतं, थकवा होता, अशी कारणं शोधली जातात. खरं कारण शरीरातल्या पाण्यात आहे.

मद्यार्क चरबीत फारसा शिरत नाही, तो शरीरातल्या पाण्यात पसरतो. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं. वय वाढतं तसे स्नायू घटतात, त्यांची जागा चरबी घेते आणि सत्तरीनंतर हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येतं. स्त्रियांमध्ये ते मुळातच कमी असतं. आता ७० किलोचा माणूस घ्या. तरुणपणी त्याच्या अंगात ४२ लिटर पाणी होतं, आता ३५ लिटर आहे. काट्यावर वजन तेवढंच दिसतं, म्हणून त्याला काही बदललंय असं वाटत नाही. ६० मिलीच्या, ४० टक्के मद्यार्काच्या दोन पेगांत मिळून सुमारे ३८ ग्रॅम मद्यार्क असतो. तरुणपणी लिटरमागे ०.९ ग्रॅम पडायचा, आता जवळपास १.१ पडतो. म्हणजे ग्लासात काहीही न बदलता वीस टक्के वाढ झाली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दारूचा निचरा करण्याचा यकृताचा वेग, तासाला साधारण ७ ग्रॅम, वयाबरोबर फारसा मंदावत नाही. फरक पडतो तो पातळी किती चढते त्यात. शिवाय म्हातारा मेंदू त्याच पातळीला जास्त डगमगतो, त्यामुळे तोल आधी जातो.

औषधांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला खरी काळजी तिथे वाटते. डायझेपाम घ्या, झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिली जाणारी गोळी. ती चरबीत मुरते, आणि चरबी तर वाढलेली असते. शिवाय यकृत लहान झालेलं असतं आणि त्यातून वाहणारं रक्तही कमी झालेलं असतं. शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ म्हणजे हाफ-लाइफ. विशीत डायझेपामची हाफ-लाइफ सुमारे २० तास असते. उतारवयात ती ढोबळमानाने वयाच्या आकड्याइतके तास होते. बहात्तराव्या वर्षी ७२ तास धरा.

आता हा माणूस रोज रात्री एक गोळी घेतो. पहिल्या दिवशी काही जाणवत नाही, छान झोप लागते. दुसऱ्या रात्री गोळी घेताना आदल्या गोळीचा जवळजवळ ८० टक्के भाग अंगात शिल्लक असतो. तिसऱ्या रात्री त्यावर आणखी भर पडते. साधारण दोन आठवड्यांनी साठा स्थिरावतो, तेव्हा त्याच्या अंगात जवळपास पाच गोळ्यांएवढं औषध असतं. विशीतल्या माणसात ते दोन गोळ्यांपर्यंतही पोचत नाही. यातला बराचसा भाग चरबीत असतो, म्हणून रक्तातली पातळी पाचपट होत नाही. पण तो साठा सावकाश सुटत राहतो, आणि यकृतात डायझेपामपासून तयार होणारा पदार्थही झोप आणणाराच असतो, अंगात आणखी रेंगाळणारा.

म्हणूनच त्रास दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. सकाळी पाय लटपटतात, बोलताना शब्द अडखळतो, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं." गोळी तर महिनाभर तीच आहे, तिच्यावर संशय कोण घेणार? त्यावर संध्याकाळी ते दोन पेग. दोन्ही मेंदूला एकाच दिशेने मंदावतात, आणि रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडतं.

डायझेपामच्याच गटातलं लोराझेपाम यकृतात वेगळ्या वाटेने निकामी होतं, आणि ती वाट वयाने फारशी मंदावत नाही. त्यामुळे ते कमी साठतं, पण पडण्याचा धोका त्यातही राहतोच. आणि कृपा करून, बरेच दिवस चालू असलेली अशी गोळी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो.

मूत्रपिंडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे रिपोर्टच फसवतो. मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात तपासलं जाणारं क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू घटले की ते कमी तयार होतं, आणि मूत्रपिंड मंदावलेलं असूनही आकडा 'नॉर्मल' दिसतो. पंचविशीतल्या ७० किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० असेल, तर वय आणि वजनही धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने मूत्रपिंड मिनिटाला सुमारे ११२ मिली रक्तद्रव स्वच्छ करतं. ऐंशीच्या, ६० किलोच्या पुरुषाचंही क्रिएटिनिन १.०च आहे, पण उत्तर येतं ५०. डिगॉक्सिनसारखं हृदयासाठीचं, मूत्रपिंडातून जाणारं औषध त्याला तरुणाच्या डोसने दिलं, तर ते साठत जातं, मळमळ सुरू होते, नाडीचे ठोके बिघडतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर वय, आजचं वजन आणि सगळ्या गोळ्यांची यादी न्या, आणि संध्याकाळचे पेगही त्यात लिहा.