फ्रीजमध्ये ८, फ्रीजरमध्ये उणे १८: हे बरोबर आहे का?

उदाहरणादाखल डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रीज घेऊ. फ्रीजरमध्ये उणे १८ अंश, खाली ८ अंश. हे आकडे बरोबर का, याचं उत्तर दुधाला, भाजीला आणि आइस्क्रीमला वेगवेगळं मिळतं.

आधी आकडा खरा हवा. पॅनेलवर बहुधा आपण लावलेलं तापमान दिसतं, आतलं नव्हे. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास ठेवा, त्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर राहू द्या आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या वाचा. नुसत्या हवेचा आकडा दार उघडताच चढतो. फ्रीजरमध्ये थर्मामीटर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये ठेवा.

आइस्क्रीमला उणे १८ अगदी योग्य. उणे १२ झालं तरी ते लगेच बाधत नाही. पण मऊ पडून पुन्हा गोठलं की बर्फाचे कण मोठे होतात आणि जिभेला खरखर लागते. पूर्ण पातळ झालेलं मात्र पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

दुधाला ८ चालत नाही. ४ किंवा त्याखाली हवं. पाश्चरीकरणात सगळे जंतू मरत नाहीत. घरी तापवलं तरी काहींचे बीजाणू तग धरतात, शिवाय चमचा-पळीतून नवे येतात, आणि ८ अंशांवर ते ४ अंशांपेक्षा खूप लवकर वाढतात. वासावर विसंबू नका: दूध आंबवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे असू शकतात. दाराचा कप्पा सगळ्यात उबदार, म्हणून दूध आतल्या फळीवर ठेवा. (पिशवी ठेवायला कंपन्या नेमकी दारातच जागा देतात!)

भाजीचं मात्र फारसं बिघडत नाही. पालक, मेथी लवकर मलूल होतील. काकडी-वांग्याला उलट ८ ते १० अंशच मानवतात. २ अंशांवर आठवडाभर राहिली, तर काकडीच्या सालीवर खड्डे पडतात. चिरलेली भाजी मात्र दुधासारखीच ४ अंशांवर.

मग फ्रीजर ठीक असताना खाली ८ का? अशा फ्रीजमध्ये थंडावा बहुधा एकाच कॉइलवर तयार होतो आणि पंखा ती हवा खाली ढकलतो. बऱ्याच मॉडेलांत फ्रीजरचं बटन म्हणजे त्या हवेच्या वाटेवरची झडप असते. ते कमाल केलं की थंड हवा वरच अडते. हवेच्या जाळीसमोर मोठं पातेलं असलं, तरी तेच होतं.

तर पातेलं हलवा, फ्रीजरचं बटन मध्यावर आणा, फ्रीजचं बटन एक घर जास्त थंडकडे न्या. २४ तास थांबून पुन्हा मोजा. खाली ३-४ आणि वर उणे १८ आलं की झालं. खालचा आकडा तरीही ८ वरच अडला, तर जाळीमागे बर्फ साचला असेल किंवा पंखा बंद असेल. दोन्ही आकडे चढले, तर दाराचं रबर, मागच्या कॉइलवरची धूळ आणि मग गॅस, या क्रमाने मेकॅनिककडून तपासून घ्या.