रामा रंग हिरवा का दिसला

(नाशिकमध्ये फोटोग्राफर आणि एडिटिंग करणाऱ्यांच्या बैठकीत केलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार. सुरू करायच्या आधी एक सांगते, मी आल्या आल्या हा कोपऱ्यातला मॉनिटर चालू करून ठेवलाय, त्याला कोणी हात लावू नका, झाकू नका, स्लीपमध्ये पण जाऊ देऊ नका. का ते शेवटी कळेल.

मला आज येवल्याच्या एका साडीची गोष्ट सांगायची आहे. विषय मॉनिटर कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून बरोबर करणं, आणि ग्रे कार्ड, म्हणजे फोटोत धरायचं तटस्थ राखाडी कार्ड, असाच आहे, पण मला तो त्या साडीमुळे कळला, म्हणून तिथूनच सांगते.

येवल्याचे एक विणकर काका, घरात चार माग, त्यांनी पैठण्या ऑनलाइन विकायला सुरुवात केली आणि फोटोचं काम माझ्याकडे आलं. काकांची सून स्वतः साड्या नेसून उभी राहणार, त्यांच्याच घराच्या ओसरीत, सकाळच्या उजेडात, म्हणजे चेहरा पण आहे आणि साडी पण आहे. अकरा साड्या झाल्या. नाशिकला आले, रात्री एडिटिंगला बसले. तर सुनेचा चेहरा मला स्क्रीनवर फिका, निळसर वाटायला लागला, आजारी माणसासारखा. मग मी काय केलं, आपण सगळेच जे करतो तेच, टेंपरेचरचा स्लायडर उजवीकडे, म्हणजे पिवळ्याकडे, अजून थोडा उजवीकडे, चेहऱ्यावर जरा रक्त आल्यासारखं वाटलं तेव्हा थांबले. 6100 केल्विनवर. आणि फोटो मला जरा जास्तच उजळ वाटत होते म्हणून एक्स्पोजर पण थोडं खाली घेतलं. समाधानाने झोपले.

पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "ताई, रामा कलरच्या दोन साड्या परत आल्यात. बाई म्हणती मी हिरवी मागवली होती, तुम्ही निळी पाठवली." आता रामा रंग आपल्या बायकांना सांगायला नको, निळा आणि हिरवा यांच्या मधला, जरा इकडे सरकला की मोरपंखी निळा, जरा तिकडे सरकला की सरळ हिरवा. काका म्हणाले साडी तर तीच आहे जी तुम्ही काढली. खरं होतं. साडी तीच होती, माझा फोटो हिरवा होता. त्यातली एक साडी विणायला त्यांना महिना लागला होता आणि परत येताना ती घडीवर दबून आली, जरीला मुरड पडली. हे मला अजून डाचतं. तिसरी तक्रार अशी होती की फोटोत साडीची जर काळपट वाटते.

मला मॉनिटरचीच शंका आली. मी जिथून तो घेतला त्या दुकानात गेले तर म्हणे मॅडम फॅक्टरी कॅलिब्रेटेड आहे, खोक्यावर लिहिलंय बघा. हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या जणांकडून ऐकलंय की त्याच्यावर वेगळं व्याख्यान होईल. अहो, फॅक्टरीत मोजला असेल, एका मोडमध्ये, नवा असताना. तुम्ही घरी आणून "व्हिव्हिड" किंवा "गेमिंग" मोड लावला, दोन वर्षं रोज दहा तास चालवला, त्या खोक्यावरच्या अक्षरांचा आता काय संबंध?

शेवटी एका मित्राकडून कलरीमीटर आणला. कॉम्प्युटरच्या माऊसएवढं यंत्र असतं, स्क्रीनवर टेकवून लटकवायचं आणि ते स्क्रीनमधून येणारा प्रकाश मोजतं. माझ्या मॉनिटरचा पांढरा निघाला 8100 केल्विन. मॉनिटरच्या पांढऱ्याचा हा आकडा जितका मोठा तितका तो निळसर, एडिटिंगच्या स्लायडरच्या बरोबर उलट. असायला हवा 6500 च्या आसपास. आणि ब्राइटनेस 290 निट्स, एडिटिंगला हवा साधारण 100 ते 120.

म्हणजे झालं काय बघा. माझा मॉनिटर सगळंच निळं दाखवत होता. चेहरा निळा नव्हताच, काच निळी होती. मी त्या निळेपणाला उतारा म्हणून फोटोत पिवळं ओतलं. माझ्या काचेवर दोन्ही मिळून बरोबर दिसलं. पण ग्राहक बाईच्या मोबाइलची काच निळी नव्हती, तिथे नुसतं माझं पिवळं पोचलं. चेहऱ्याला ते खपून गेलं, जरा उन्हात फिरून आल्यासारखी दिसली एवढंच. रामा रंगात मात्र निळा कमी झाला की उरतो हिरवा. ब्राइटनेसचं पण तसंच, माझी काच झगझगीत म्हणून मी फोटो काळे केले आणि जर मेली.

तुम्ही म्हणाल, तुला तो निळेपणा आधी दिसला कसा नाही. नाही दिसत. डोळा पाच-दहा मिनिटांत त्या पांढऱ्याला पांढरं मानून टाकतो. पिवळ्या दिव्याखाली जेवताना भात पिवळा वाटतो का कधी? नाही ना. पण ओळखीचा चेहरा आला की मनातला चेहरा आणि समोरचा जुळत नाही, काहीतरी खटकतं, आणि आपण काच सोडून फोटो दुरुस्त करायला जातो. म्हणून मी म्हणते, व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल अशी रंगांची जुळणी, चेहरा बघून लावू नका. चेहऱ्याचा बरोबर रंग कोणता हे कोणालाच आकड्यात माहीत नसतं. राखाडीचा माहीत असतो. तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे हवेत, विषय संपला.

इथे हळदीच्या फोटोंचं पण सांगून टाकते, कारण लग्नवाले बरेच दिसतायत. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर असला आणि फ्रेममध्ये हळद, झेंडू, पिवळ्या साड्या सगळं पिवळंच पिवळं असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, तो त्यात निळं घालतो. हळद मळकट दिसते आणि मांडवातल्या आजोबांची टोपी निळी. मग कोणीतरी हुशारीने ड्रॉपर, म्हणजे जिथे मारू ते तटस्थ धरून बाकी रंग जुळवणारं टूल, त्या टोपीवरच मारतो, की पांढरी आहे ना. पण टोपीला नीळ दिलेली असते! डिटर्जंटमध्ये पण चकाकी आणणारं द्रव्य असतं, ते उन्हातलं अतिनील घेऊन निळा प्रकाश टाकतं. टोपीचा निळेपणा मारला की अख्खा मांडव हवा त्यापेक्षा जास्त पिवळा. झेरॉक्सच्या कागदाचं तेच आहे. म्हणून ग्रे कार्ड, आणि तेही खरं तटस्थ असलेलं, घरच्या प्रिंटरवर छापलेलं राखाडी चालत नाही कारण त्या शाईचीच एक छटा असते.

मग मी काकांकडे परत गेले, पैसे न घेता, तीच ओसरी, तीच वेळ. सुनेच्या हातात कार्ड दिलं आणि सांगितलं हनुवटीखाली धर, चेहऱ्यावर जो उजेड पडतोय तोच कार्डावर पडू दे. कार्ड जरा वाकडं करून बघितलं की चमक येत नाही ना, कारण चमक आली की राखाडीचा नाही, आभाळाचा रंग मोजला जातो. रॉमध्ये एक फोटो कार्डासकट, मग कार्ड बाजूला आणि बाकीचे. दहा वाजता समोरच्या विटकरी भिंतीवर ऊन आलं तेव्हा परत कार्ड, कारण आता भिंतीचा तांबूस उजेड पण मिसळला. उजेड बदलला की कार्ड, एवढं पाळायचं.

घरी येऊन कॅमेरा रॉ या सॉफ्टवेअरमध्ये कार्डावर कर्सर नेला तर ऑटोमध्ये लाल 124, हिरवा 118, निळा 109. म्हणजे तांबूसपणा आहे आणि तो आकड्यात दिसतोय, माझ्या काचेवर काय दिसतं याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ड्रॉपर मारला, तिन्ही 118 च्या जवळ आले, टेंपरेचर आलं 5100 वर. पहिल्या वेळी मी 6100 ठेवलं होतं. त्या दोघांमधलं अंतर म्हणजेच हिरवी साडी. तीच सेटिंग त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना पेस्ट केली, आणि गंमत म्हणजे चेहऱ्याला वेगळं काही करावं लागलं नाही. फक्त राणी रंगाच्या साडीत पदराचा गुलाबी उजेड हनुवटीवर आला होता, तो कार्डाने जात नाही, जायला पण नको, कारण तो तिथे खरंच होता. जास्त वाटला म्हणून मी तेवढ्या भागाला मास्क लावून हलका केला.

मागून खूण होते आहे की दहा मिनिटं राहिली, आणि कॅलिब्रेशन तर अजून सांगितलंच नाही, म्हणजे ज्यासाठी तुम्हाला बोलावलं तेच. पटापट सांगते.

मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायचा. Night light बंद, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, मोड यूजर किंवा कस्टम. खोलीतला दिवा रोज असतो तोच, काचेवर खिडकीचा उजेड नको. DisplayCAL फुकट आहे, कलरीमीटर बहुतेक सगळे चालतात. त्यात व्हाइट पॉइंट 6500, व्हाइट लेव्हल 120, गॅमा 2.2 भरा, आणि तुमचा पॅनल कुठल्या प्रकारचा आहे ते नीट निवडा, साधा एलईडी की वाइड गॅमट, ते चुकलं तर यंत्रच चुकीचं मोजतं. मग आधी मॉनिटरच्या बटणाने ब्राइटनेस 120 पर्यंत उतरवा, नंतर लाल-हिरवा-निळा गेन कमी करत तिन्ही पट्ट्या मधोमध आणा. माझ्याकडे निळा बराच खाली आणावा लागला. वाढवायचं शक्यतो नाही, कमीच करायचं. पुढे यंत्र शेकडो रंगांचे चौकोन मोजत बसतं, तुम्ही चहा घेऊन या. शेवटी प्रोफाइल तयार होतं ते इन्स्टॉल करा. लॅपटॉपला गेनची बटणं नसतात, तिथे सगळी दुरुस्ती ग्राफिक्स कार्डमधून होते, मग फार दुरुस्ती लागली तर आभाळासारख्या भागात पट्टे दिसू शकतात. पहिले दोन दिवस स्क्रीन पिवळी आणि अंधारी वाटेल, बटणाला हात लावू नका, डोळा रुळतो. महिन्याने परत मोजा. यंत्र महिन्यातून एकदाच लागतं, आपण पाच-सहा जणांत एक घेतलं तरी पुरतं.

एक्स्पोर्ट sRGB या सर्वसाधारण रंगसंचात आणि प्रोफाइल एम्बेड करून. अॅडोबी आरजीबीमध्ये दिलं आणि समोरच्या अॅपला प्रोफाइल वाचता आलं नाही की चेहरे मलूल दिसतात.

आता दुसऱ्याच्या मोबाइलवर आपला ताबा नाही हे कबूल. कोणाचा व्हिव्हिडवर असतो, कोणाचा रात्रीच्या पिवळ्या मोडवर. पण कोणी निळ्याकडे झुकलेला, कोणी पिवळ्याकडे, आपण मधोमध असलो तर दोघांनाही थोडंच चुकतं. मी कडेला होते म्हणून त्या बाईला फार चुकलं. काकांना मी आता प्रत्येक साडीबरोबर कार्ड धरलेला फोटो पण देते, ग्राहकाला शंका आली तर ते तो पाठवतात आणि विचारतात कार्ड राखाडी दिसतंय की पिवळट. पिवळट म्हणाली की कळतं मोबाइलचा मोड बदलायला सांगायचा.

जे होत नाही तेही सांगते. धूपछाव पैठणीत उभा धागा एक रंगाचा, आडवा दुसऱ्या, कोन बदलला की रंग बदलतो, तिथे कुठलं कार्ड काय करणार, दोन कोनातून दोन फोटो द्यायचे. आणि काही राणी, काही जांभळे रंग इतके तीव्र असतात की sRGB मध्ये बसतच नाहीत, ते फोटोत थोडे कमी येणारच, ते काकांनी फोनवर तोंडाने सांगायचं. स्वस्त एलईडी दिव्यात काढलेल्या रेशमाचं पण कार्डाने पूर्ण भागत नाही, राखाडी बरोबर येतो आणि लाल तरी मेलेलाच राहतो, कारण त्या दिव्यात तेवढा लाल नसतोच. पैठणी दिवसा ओसरीत काढा.

बस, वेळ झाली. तो कोपऱ्यातला मॉनिटर आता दीड तास चालू आहे, तापलाय, कलरीमीटर माझ्या पिशवीत आहे. त्याचा पांढरा आधी किती निघतो ते सगळ्यांसमोर मोजू. मागचे खिडक्यांचे पडदे कोणीतरी ओढा.