कंबर नव्हे, खुबा

डेडलिफ्ट शिकवताना आपण सर्रास म्हणतो, "कमरेत वाका." समोरचा बिचारा खरंच कमरेत वाकतो, पाठीला पोक येतो आणि मग आपणच त्याच्यावर ओरडतो. वाकायचं असतं खुब्यात. मांडी आणि पोट जिथे मिळतात तिथे दोन्ही तळव्यांच्या कडा आडव्या दाबून ठेवा आणि त्या घडीत हात चिमटला जाईल असं वाका. ढुंगण आपोआप मागे जातं. हाच हिप हिंज. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल सोडा आणि ढुंगणाने भिंत शोधा. सापडली की दोन बोटं आणखी पुढे सरका.

पाठ सरळ आहे की नाही, हे स्वतःला कळत नाही. त्यासाठी झाडूचा दांडा घ्या. तो डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडावर असा तीन ठिकाणी टेकला पाहिजे. कमरेपाशी तळहात सरकेल एवढी फट राहते, ती राहू द्या. वाकताना माकडहाड दांड्यापासून सुटलं, की पाठ गोल झाली.

माझ्याकडे चाळिशीचे एक गृहस्थ येत. वजन फक्त ४० किलो, म्हणजे २० चा बार आणि दोन्हीकडे दहा-दहा, तरी पाठ गोल. दांडा लावून पाहिलं, तर गुडघ्याखाली चार बोटं जाईपर्यंत सगळं ठीक, त्याखाली माकडहाड सुटायचं. मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडाला जोडलेले असतात. त्यांची लांबी संपली की ते ओटीपोटाच्या हाडांना धरून ठेवतात आणि उरलेलं वाकणं कमरेला करावं लागतं. त्यात आपल्या जिममधल्या दहाच्या लोखंडी प्लेटा लहान. स्पर्धेतली मोठी प्लेट ४५ सेंटिमीटरची, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीसवर असतो. यांचा बार त्याहून बराच खाली होता. म्हणजे वजन कमी म्हणून खोल वाकायची शिक्षा! दोन्ही बाजूंना खाली प्लेटा रचून बार गुडघ्याच्या किंचित खाली आणला आणि पाठ त्याच दिवशी सरळ राहिली. पुढे महिनाभर एकेक प्लेट काढत गेलो, पण दांड्याला विचारूनच.

उचलताना बार पावलाच्या मधोमध, नडगीपासून दोन बोटांवर. तो पुढे गेला की कमरेवरचा ताण वाढतो, म्हणून बगला आवळून तो पायाला चिकटवून ठेवा. पोटात श्वास भरून पोट घट्ट करा. मग झटका न देता बार ओढा. प्लेटांशी 'टक्' असा आवाज आला की बारमधली ढिलाई संपली. आता पायांनी जमीन दाबा.

मोबाइल खुब्याच्या उंचीवर, बाजूला ठेवून चित्रण करा. पाचव्या वेळी पाठ गोल दिसली, तर तो सेट चारचाच. पायात कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर मात्र माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे जा.