उभ्या चौकटीतला तांबट

[काळा पडदा. हातोडीचे बद्द ठोके. मग दृश्य: पुणे, कसबा पेठ, तांबट आळी.]

तांबट आळीतल्या एका कारखान्यात घंगाळ घडतंय. त्यावर आम्ही २४ मिनिटांचा माहितीपट केला. तो पूर्ण झाल्यावर ठरलं की मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी त्यातूनच एक छोटी, उभी क्लिप काढायची.

पहिली क्लिप अर्ध्या तासात झाली. तयार माहितीपटातलं ११वं मिनिट उचललं, दोन्ही बाजू छाटल्या, खाली मजकूर टाकला.

[दृश्य: ती पहिली क्लिप. कारागीर काका बोलतायत.]

"म्हणून मग ते परत भट्टीत घालावं लागतं."

ते म्हणजे काय? आणि कशामुळे? माहितीपटात याचं उत्तर दोन मिनिटं आधी येऊन गेलेलं असतं. क्लिप बघणाऱ्याला मात्र ऐन गप्पांत कुणीतरी खोलीत ढकलल्यासारखं होतं. त्यात सतारीचा तुकडा मध्येच सुरू होऊन मध्येच तुटतो, कारण तयार फाइलमध्ये संगीत, निवेदन आणि काकांचा आवाज एकजीव झालेले असतात. ते वेगळे करता येत नाहीत.

म्हणून आम्ही तयार फाइल बाजूला ठेवली आणि मूळ चित्रीकरणाकडे परत गेलो. तिथे चहा पिता पिता काका सहज बोलून गेले होते:

"तांबं ठोकत गेलं की कडक होतं. मग वळत नाही, चिरतं."

हे वाक्य माहितीपटात नव्हतं. तीच गोष्ट निवेदनात आल्यामुळे मीच ते गाळलं होतं. पण क्लिपला नेमकं तेच हवं होतं. त्यात 'ते' नाही, 'तांबं' आहे. मागचं काही माहीत नसलं तरी कळतं. शिवाय ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न आपसूक पडतो: मग एवढं मोठं घंगाळ वळतं कसं?

[दृश्य: भट्टीत लाल झालेला पत्रा. पाण्यात बुडवताना वाफ.]

पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं. तांबं तापून मऊ होतं आणि बुडवल्यावरही मऊच राहतं. मग पुन्हा ठोकायचं, कडक झालं की पुन्हा तापवायचं. घाट पुरा झाला की मात्र भट्टी बंद. शेवटचं मठारकाम, म्हणजे हातोडीने एकसारखे ठसे उमटवणं, थंड तांब्यावरच होतं, कारण आता तो कडकपणाच हवा असतो.

माहितीपटात हा क्रम तीन ठिकाणी विखुरलेला होता. क्लिपमध्ये तो ४२ सेकंदांत सलग लावला. यूट्यूब शॉर्ट्सवर ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ चालतो, पण या प्रश्नाचं उत्तर ४२ सेकंदांत पुरं होत होतं.

[दृश्य: आडवी चौकट. डावीकडे काकांचा चेहरा, उजवीकडे हातोडी. मधून उभी पट्टी सरकते.]

आता चौकट. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभी पट्टी कापली, तर तिची रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल भरते. चित्राचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग गेला. चेहरा धरला तर हातोडी जाते, हातोडी धरली तर चेहरा. पट्टी इकडून तिकडे सरकवून पाहिली. बघताना डोळ्यांना त्रास झाला. शेवटी बोलताना फक्त चेहरा आणि काम चालू असताना फक्त हात, असं ठेवलं. ठोक्यांचा आवाज चेहऱ्याखालीही चालू राहिला, त्यामुळे दोन्ही एकाच जागेचे वाटतात.

चित्रीकरण फोर-के होतं म्हणून बचावलो. त्यातून १२१५ पिक्सेलची पट्टी मिळते. ६०८ ची पट्टी मोबाइलसाठी पावणेदोन पटीहून जास्त ताणावी लागली असती आणि मठाराचे बारीक, एकसारखे ठसे पुसट झाले असते. ते ठसेच दिसणार नसतील, तर मठारकाम दाखवायचं कशाला?

[दृश्य: पडद्यावर शब्द: "तांबं ठोकत गेलं की", मग "कडक होतं".]

मजकुराच्या ओळी काकांच्या श्वासावर तोडल्या. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते आधीच पडद्यावर झळकलं तर काका बोलायच्या आत उत्तर फुटतं. तळाला शीर्षक आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून ओळी थोड्या वर घेतल्या. दोन ओळींत अंतरही वाढवलं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात.

माहितीपटातला एक भाग मला फार आवडतो. पुढची पिढी या धंद्यात राहील का, यावर काका बोलतात आणि मग बराच वेळ गप्प बसतात. त्याची क्लिप आम्ही केली नाही. त्या गप्प बसण्याआधी १८ मिनिटं त्यांच्यासोबत काढलेली असावी लागतात. क्लिपखाली पूर्ण माहितीपटाचा दुवा जोडला.

[दृश्य: क्लिपचा शेवट. तयार घंगाळ.]

क्लिपच्या सुरुवातीला मऊ तांब्याचा बद्द आवाज आहे. शेवटी काका मठारलेल्या घंगाळाच्या काठावर टिचकी मारतात. निवेदन नाही, संगीत नाही.

[आवाज: टिचकी. लांबत जाणारा नाद. पडदा काळा.]