शॉट सुरू होण्याआधी फोनचे निर्णय आपण घ्यायचे

(पुण्यात लघुपट करू पाहणाऱ्या तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आत्ता पडद्यावर पाहिलेल्या शॉटबद्दलच बोलू. शनिवार पेठेतल्या वाड्याची माडी, सकाळची वेळ. आजी खिडकीशी बसून तांदूळ निवडते आहे. पांढरा सदरा घातलेला नातू दारातून येतो, तिच्या पुढून जातो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो. जागा छान, दोघांचं काम छान. पण नातू मध्ये आला की सगळी खोली काळवंडते आणि तो बाजूला झाला की हळूहळू उजळते. शिवाय आजीचा चेहरा क्षणभर धूसर होतो आणि फोन पुन्हा तिला शोधत बसतो. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, ‘लाइट कमी पडला.’ लाइट भरपूर होता. शॉट चालू असताना फोन त्याच्या मनाने निर्णय बदलत होता, एवढंच.

तो असं का करतो? बहुतेक फोनमध्ये लेन्सचं तोंड लहानमोठं होत नाही. त्यामुळे उजेड कमीजास्त करायला त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात, शटरचा वेग आणि आयएसओ. फ्रेममध्ये मोठा पांढरा सदरा आला की त्याला वाटतं, उजेड फार झाला. मग तो सगळंच खाली खेचतो, आजीच्या चेहऱ्यासकट. फोटोत हे चालून जातं, कारण तिथे एकच क्षण असतो. चालू शॉटमध्ये मात्र हा बदल प्रेक्षकाला दिसतो.

उपाय सोपा आहे, पण त्याला क्रम आहे. फोन ट्रायपॉडवर लावा. आजीला तिच्या जागी बसवा. स्क्रीनवर तिच्या गालाचा खिडकीकडचा, उजेड पडलेला भाग बोटाने दाबून धरा. आयफोनवर वर AE/AF LOCK अशी पिवळी पट्टी येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर असंच दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. आता फोकस आणि एक्सपोजर दोन्ही अडकले. मग बोट खाली ओढून उजेड थोडा उतरवा.

किती उतरवायचा? इथे घाई करू नका. खिडकीबाहेरचं आकाश जळलं तर जळू द्या, त्या शॉटमध्ये आकाशाला काही काम नाही. आजीच्या कपाळावर पडलेला कवडसा मात्र जळता कामा नये. जळलेल्या पांढऱ्यात माहितीच शिल्लक नसते, एडिटमध्ये ती कुठून आणणार? काळोखा भाग थोडा उचलता येतो. थोडाच हं, जास्त उचललात की दाणे दिसू लागतात. आणि हे ठरवताना स्क्रीनची ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा, नाहीतर उजेड चित्रात बदलला की स्क्रीनमध्ये, तेच कळणार नाही. खोलीतली ट्यूबही बंद करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने अशा दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि शटर त्याच्याशी जुळलं नाही की चित्रात पट्टे सरकताना दिसतात.

लॉक केल्यावर लगेच टेक घेऊ नका. नातवाला तोच सदरा घालून पूर्ण वाट चालायला लावा आणि तो खिडकीच्या सर्वांत जवळ असतो तिथे त्याच्या खांद्याकडे बघा. शिवण, घडी दिसते का? नुसता पांढरा ठिगळ दिसत असेल तर उजेड आणखी थोडा उतरवा. किंवा सरळ त्याला फिकट निळा सदरा द्या. मी तरी सदराच बदलेन.

आता फोकस. तुमच्यातल्या काहींना भीती वाटते की आजीवर लॉक केलं तर पुढून जाणारा नातू धूसर होईल. फोनचा सेन्सर छोटा असतो आणि लेन्सही लहान, म्हणून मुख्य लेन्सने फोकस अडीच-तीन मीटरवर असेल तर साधारण दीड मीटरपासून पार मागच्या भिंतीपर्यंत चित्र बघण्याजोगं स्पष्ट राहतं. आजी अडीच मीटरवर आहे आणि नातू दीड मीटरच्या आत येत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. तो त्याहून जवळ येणार असेल तर त्याची वाट बदला. आणखी एक लक्षात ठेवा: लेन्स बदलली किंवा अ‍ॅप बंद केलं की लॉक गेला असं समजायचं आणि प्रत्येक शॉटला नव्याने करायचा. श्रावणात तर दोन टेकमध्येही उजेड बदलतो. ढग आला की लॉक केलेलं चित्र आपोआप सावरणार नाही, तेव्हा थांबा.

पुढचा शॉट क्लोजअपचा. आजीचे डोळे. इथे बहुतेक जण दोन बोटांनी स्क्रीन ताणतात. ताणू नका. खालची १, २, ३ ही बटणं वापरा. पण बटणावरही डोळे झाकून विश्वास नको. ३ दाबलं म्हणजे टेलिफोटो लेन्स चालू झाली, असं दरवेळी नसतं. उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल तर काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर जातात, तिचंच चित्र कापून मोठं करतात आणि स्क्रीनवर ३ तसाच ठेवतात. तपासायची युक्ती अशी: ३ वर ठेवून मागच्या टेलिफोटो लेन्सवर बोट धरा. चित्र काळं झालं तर लेन्स खरी. आजी तशीच दिसत राहिली तर फोन फसवतो आहे. वाड्यातल्या अशा खोल्यांत हे फार होतं. आयफोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Lock Camera आहे, ते चालू केलं की शॉटच्या मध्येच लेन्स बदलत नाही.

मग क्लोजअप कसा घ्यायचा? मुख्य लेन्स सर्वांत चांगली, तिच्यामागचा सेन्सर सहसा सर्वांत मोठा. पण ती घेऊन आजीच्या तोंडाशी अर्ध्या हातावर जाऊ नका. नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष अंतराचा, लेन्सचा नव्हे. एक-सव्वा मीटरवर थांबा आणि फ्रेममध्ये चेहऱ्याबरोबर खांदे, सुपातले हात येऊ द्या. डोळेच हवे असतील तर आजीला खिडकीच्या आणखी जवळ बसवा, उजेड वाढला की खरी टेलिफोटो चालू होईल. बोटाने पुन्हा तपासा.

०.५ ची लेन्स छोट्या खोलीत मोह पाडते. तिच्यामागचा सेन्सर लहान, म्हणून अंधारात दाणे येतात. फ्रेमच्या कडेला बसलेला माणूस ताणला जातो. वाड्याच्या अरुंद जिन्यात पाठ टेकायलाही जागा नसेल तेव्हा वापरा, आणि माणूस मधोमध ठेवा.

शेवटी एकाने विचारलं, ‘सर, गच्चीवरून पर्वती घ्यायची आहे, झूम तर लागेलच ना?’ हिशोब करून बघू. फोरकेची फ्रेम ३८४० पिक्सेल रुंद असते. १२ मेगापिक्सेलचा सेन्सर साधारण ४००० पिक्सेल रुंद. त्यावर बोटाने तिप्पट झूम केलात की खऱ्या चित्राचे जेमतेम १३०० पिक्सेल उरतात, बाकीचे फोन अंदाजाने भरतो. टेकडीवरच्या झाडांचा लगदा होतो तो यामुळे. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या काही फोनमध्ये २ चं बटण सेन्सरच्या मधल्या भागातले खरे पिक्सेल वापरतं, तिथे आणि तेवढ्यापुरती सूट आहे. नाहीतर पर्वती झूम न करता फोरकेमध्ये घ्या आणि १९२० पिक्सेलच्या टाइमलाइनवर ठेवा. तिथे दुपटीपर्यंत कापायला जागा मिळते, आणि कुठे कापायचं हे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघून ठरवता येतं. दुपटीनेही पर्वती हवी तेवढी जवळ येत नसेल, तर रिक्षा करून पायथ्याशी जा.