वीसपैकी एकोणीस

नमस्कार. मला मघाशी ओळख करून देताना ‘भाषेचे अनुभवी परीक्षक’ म्हटलं गेलं. अनुभव आहे हे खरं, पण त्यातला बराचसा चुकांचा आहे, आणि आज मी प्रामुख्याने त्याच सांगणार आहे. विषय अगदी लहान आहे: दहावीला मराठीच्या 100 गुणांपैकी 80 लेखी आणि 20 शाळेच्या हातात. या वीसमधला जो भाग श्रवण आणि भाषणासाठी असतो, तो नेमका कसा घेतला जातो, कोण देतं आणि कागदावर कसा उतरतो, एवढंच.

लेखी उत्तरपत्रिका शाळेतून गेली की तुमचा तिच्याशी संबंध संपतो. कुठल्यातरी अनोळखी परीक्षकाकडे ती जाते, नियामक ती पुन्हा पाहतो, निकालानंतर पालक तिची छायाप्रत मागू शकतो. तोंडी परीक्षेचं तसं नाही. वर्षभर ज्या बाईंनी किंवा सरांनी शिकवलं तेच विचारतात, तेच ऐकतात आणि तेच गुण देतात. मुलाच्या बोललेल्या वाक्याची छायाप्रत कुणी मागू शकत नाही. वाक्य हवेत विरून जातं आणि मागे आकडा तेवढा राहतो.

आता हिशेब बघा. उत्तीर्ण व्हायला एकत्रित 35 लागतात. शाळेने 20 पैकी 18 दिले तर लेखीत 17 पुरतात. 20 दिले तर 15. म्हणजे 80 पैकी 15. यामुळे 2018-19 ला भाषा विषयांतले हे 20 गुण काढून टाकले आणि पेपर पूर्ण 100 चा केला. 2018 चा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता, 2019 ला तो 77.10 वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि कृतिपत्रिकाही नव्या होत्या, तेव्हा सगळं खापर तोंडीवर फोडू नका. पण ओरड झाली आणि 2019-20 पासून 80-20 पुन्हा आलं. त्या सगळ्या वादात ‘शाळा गुण वाटतात’ असं एक बाजू म्हणाली आणि ‘मुलांचं नुकसान झालं’ असं दुसरी. परीक्षा घ्यायची कशी, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

घ्यायची म्हटली तर पहिली अडचण वेळेची. वर्गात साठ मुलं. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं धरा. एकशे ऐंशी मिनिटं झाली, म्हणजे पस्तीस मिनिटांच्या पाच तासिका आणि वर थोडं. त्यात नाव पुकारणं, चिठ्ठी उचलणं, लाजून उभं राहणं धरलेलं नाही. जानेवारीत सराव परीक्षा, अपुरा अभ्यासक्रम आणि ही तोंडी एकत्र आली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. गुणतक्ता घरी नेला जातो आणि रात्री जेवणानंतर भरला जातो. हुशाराला वीस, बऱ्याला एकोणीस, खोडकराला अठरा. मीही एका वर्षी हे केलंय.

असा तक्ता ओळखायला काही लागत नाही. लेखीच्या सराव परीक्षेत मुलं 22 पासून 71 पर्यंत पसरलेली असतात आणि तोंडीत सगळी अठरा ते वीसमध्ये कोंबलेली. दुसरी खूण म्हणजे लेखीतला क्रम आणि तोंडीतला क्रम तंतोतंत तोच. प्रत्यक्षात असं कधीच होत नाही. लिहिताना अडखळणारं एखादं पोर बोलायला लागलं की वर्ग गप्प होतो, आणि पहिल्या बाकावरच्या एखाद्या मुलीला दोन वाक्यं जोडता येत नाहीत. हे उलटसुलट तक्त्यात दिसलं नाही, तर समजायचं की गुण देताना मुलाचं बोलणं नव्हे, त्याचं नाव डोळ्यांसमोर होतं.

श्रवणाकडे वळू. बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकातला उतारा वाचून त्यावर प्रश्न विचारतात. त्यातून स्मरण तपासलं जातं. दुसरी चूक अशी की प्रश्न इतके सरळ असतात की न ऐकताही उत्तर देता येतं. मी एकदा सहलीच्या सूचनेचा उतारा केला होता. ‘बस शनिवारी साडेसहाला निघेल असं ठरलं होतं. पण घाटात रस्त्याचं काम सुरू असल्याने ती आता सहालाच निघेल. दुसऱ्या यादीतल्या मुलांनी मागच्या फाटकाशी थांबावं, पुढच्या फाटकाशी नाही.’ आणखी चार-पाच वाक्यं होती. मी काढलेला पहिला प्रश्न होता, ‘सहलीला जाताना पाण्याची बाटली सोबत का घ्यावी?’ शेजारच्या तुकडीला उतारा न ऐकवता नुसते पाच प्रश्न दिले, तर निम्म्याहून अधिक मुलांनी हा बरोबर सोडवला. तो काढून टाकला. त्या जागी ‘बस किती वाजता निघेल?’ घेतला. साडेसहा हा आकडा आधी कानावर पडतो, त्यामुळे अर्धवट ऐकणारा तिथेच फसतो. ‘वेळ का बदलली?’ हा दुसरा. दुसऱ्या तुकडीवरची ही चाचपणी दहा मिनिटांची असते आणि त्यावरून प्रश्नाची लायकी कळते.

मी वाचायची पद्धत अशी ठेवली: प्रश्न आधी सांगायचे, उतारा एकदा सलग वाचायचा, अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा त्याच गतीने वाचायचा. दुसऱ्या वेळी उत्तराच्या शब्दावर जोर द्यायचा नाही. हा मोह फार असतो. आवाज आपोआप चढतो आणि मुलं तुमच्या भुवया वाचायला लागतात. उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्यायची, शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, कारण तपासतोय कान. चिठ्ठ्यांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून ठेवायचा. मागच्या बाकावरच्या सगळ्यांची उत्तरं एकदम चुकली असतील तर दोष मुलांचा नाही, बाहेर खेळाचा तास चालू होता. ती चाचणी पुन्हा घ्यायची.

भाषणात खरी गंमत आहे. दोन मुलं मला आठवतात. एकाने चिठ्ठी उचलली, ‘पाणी’. पोराचा चेहरा उजळला आणि त्याने ‘पाणी हेच जीवन’ असं धडाधड सुरू केलं. स्पष्ट उच्चार, हातवारे, शेवटी एक सुभाषित. दीड मिनिट. मी विचारलं, ‘तुमच्या घरी कधी पाणी कमी पडलं होतं का? मग काय केलंत?’ तो गप्प. पुन्हा विचारलं, तर त्याने सुभाषितच परत म्हटलं. नंतर आलेल्या मुलीच्या चिठ्ठीत होतं, ‘घरातली एक जुनी वस्तू’. ती म्हणाली, ‘आमच्याकडं तांब्याचा हंडा हाय. आजीचा हाय. त्याला एक पोचा हाय, तो कसा पडला ते आजी दर वेळी येगळं सांगती.’ मी विचारलं, ‘मग खरं कुठलं वाटतं?’ तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘आजी सांगती त्या दिवशी ते खरं वाटतं.’

त्या वर्षी मी आणि एका सहकाऱ्याने शेजारी बसून स्वतंत्र कागदावर गुण दिले. पाचपैकी. त्यांचे मुलाला पाच, मुलीला दोन. माझे मुलाला तीन, मुलीला पाच. त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘अशुद्ध बोलते.’ मग आम्ही निकष लिहायला बसलो. मुद्दे आणि त्यांचा क्रम, दोन गुण. ओघ, म्हणजे वाक्य पुरं होणं आणि पुढच्याला जोडलं जाणं, एक. विषयाला नेमके शब्द, एक. आयत्या प्रश्नाला उत्तर, एक. ‘हाय’ आणि ‘येगळं’ यांतल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. ती घरची भाषा आहे आणि तिच्यात ती नेमकं बोलत होती. फार तर औपचारिक प्रसंगाला कोणती भाषा, हे वेगळं शिकवावं. मुलाने मुद्दे आणि ओघ मिळवले, आयत्या प्रश्नाचा गुण गेला, नेमके शब्द पाठ केलेले म्हणून त्यातही अर्ध्यावर वाद झाला. शेवटी मुलाला साडेतीन आणि मुलीला साडेचार ठरले. माझेही पाच टिकले नाहीत, कारण तिची दोन वाक्यं खरंच मध्येच तुटली होती. आम्ही फक्त पहिल्या सहा मुलांचे गुण असे जुळवले. त्यानंतर दोघांमध्ये अर्ध्या गुणापेक्षा जास्त फरक क्वचितच पडला. साठच्या साठ दोघांनी ऐकायला वेळ कुणाला आहे?

आता नोंद. शाळेत दोन कागद असावेत. एक, मूळ गुणतक्ता, बोलतानाच भरलेला, निकषांच्या रकान्यांसह, तारीख आणि सही असलेला. दुसरा, बेरजेचा, जिथे श्रवण, भाषण आणि तुमच्या विषयाच्या परिपत्रकात असलेले इतर भाग मिळून वीस होतात. मंडळाकडे जातो फक्त तो शेवटचा आकडा. पूर्वी तो गुणपत्रिकेत भरून पाकिटात जायचा, आता शाळा तो संगणकावर भरते, आणि भरणारा व तपासून पुढे पाठवणारा वेगळा असतो. आकडा पुढे गेला की दुरुस्ती अवघड, म्हणून तपासणाऱ्याने नुसतं बटण दाबू नये.

कारण चूक कुठे होते ते सांगतो. आमच्या हजेरीचा क्रम वेगळा आणि बैठक क्रमांकांचा वेगळा. एका शाळेत, नाव घेत नाही, तोंडीला एक मुलगी आजारी होती. तक्त्यात तिच्यासमोर रेघ मारली होती. भरणाऱ्याने रेघ वगळली आणि पुढच्या मुलाचे गुण तिच्या नावावर टाकले. तिथून खालच्या एकवीस मुलांचे गुण एक घर वर सरकले. शेवटी एक आकडा कमी पडला, म्हणून अखेरच्या मुलाला अंदाजाने अठरा टाकले. गुण सगळे अठरा-एकोणीसच असते तर हे कळलंच नसतं. कळलं ते एका सातमुळे. गप्प राहणाऱ्या मुलाचे सात गुण वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीच्या नावासमोर दिसले आणि बाई दचकल्या.

त्यानंतर तिथे दोन गोष्टी सुरू झाल्या. गैरहजर मुलासमोर रेघ नव्हे, ‘गैरहजर’ असा शब्द, आणि मंडळाच्या ‘आउट ऑफ टर्न’ मुदतीत त्याची परीक्षा घेऊन मगच तो रकाना भरायचा. आणि तक्त्याखाली दर दहा मुलांची बेरीज. एक जण कागदावरून आकडे वाचतो, दुसरा पडद्यावरचे मोठ्याने म्हणतो, दहा झाले की बेरजा जुळवायच्या. साठ मुलांना सात-आठ मिनिटं लागतात. आमच्याकडे हे काम मधल्या सुट्टीत, चहा येईपर्यंत उरकतं.